नववी मुलाखत

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. सकाळपासूनची ही नववी मुलाखत. मेधाचं डोकं ठणकत होतं, समोरचा चहा कधीच गार झाला होता.

"बसा."

मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकली. बार्शीहून पहाटेच्या एसटीने आलेली. मांडीवरच्या प्लास्टिकच्या फाइलचं बटण ती सारखं उघडत होती, लावत होती. टक्, टक्. ओढणीला खांद्यावर लावलेली सेफ्टी पिन जराशी गंजलेली.

"स्वतःबद्दल सांगा."

"माय सेल्फ..." पुढचं सगळं पाठांतर घशातच अडकलं.

मेधाला २००३ सालची हिंजवडी आठवली. मावशीची साडी, मैत्रिणीच्या चपला, आणि याच दोन शब्दांवर अडलेली ती. समोरच्या साहेबांनी तेव्हा घड्याळ पाहिलं होतं.

तिने लॅपटॉप मिटला. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मराठीत सांग. प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस?"

मुलगी घोटभर पाणी प्यायली. "मॅडम, हमालीचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप केलं. बाबा मार्केट यार्डात हमाल आहेत. रात्री वहीत आकडे जुळवताना त्यांचे डोळे दुखायचे."

फाइलचं बटण वाजायचं थांबलं होतं.

"डेटाबेस कसा केलास? काढून दाखव," म्हणत मेधाने आपलं पेन तिच्या हातात दिलं.