विषय: सप्टेंबरात साताऱ्याला ये ना!

प्रिय केतकी,

मेलबर्नची थंडी सरली का? मागच्या फोनवर म्हणालीस की सप्टेंबरअखेरीस मुलांना शाळेची सुट्टी आहे. मग सरळ साताऱ्याला या, निदान आठवडाभर तरी. वरची खोली रिकामीच आहे, आणि आई तर तुझं नाव काढलं की जेवणाचा बेतच सांगायला लागते.

तेव्हाच का, तर कास. पठार इथून २५ किलोमीटरवर आहे आणि त्या दिवसांत निळी सीतेची आसवं आणि पिवळी सोनकी फुललेली असते. ऊन असेल तर बघतच राहावं. धुकं आलं तर मात्र पुढचा माणूसही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. शनिवार-रविवारी गर्दी फार, म्हणून आपण मधल्या वारी सकाळी लवकर जाऊ. प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन करावं लागतं, ते मी बघते. ठोसेघरचा धबधबाही तेव्हा जोरात असतो. संध्याकाळी अजिंक्यतारा चढू. मुलं दमतील, तू जास्त दमशील!

मुंबईला उतरलात की टॅक्सीने पाच-सहा तासांत घरी. जाडजूड कोट नकोत. रेनकोट आणि न घसरणारे बूट तेवढे आणा. भेटवस्तू अजिबात नकोत. जाताना कंदी पेढे मात्र मी बॅगेत कोंबणारच.

तिकिटं महाग व्हायच्या आत तारखा कळव. मला रजा टाकायची आहे.

तुझीच,
मुग्धा