पानशेतच्या निबंधाची सुरुवात : सानिकासाठी

सानिका,

पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरावरचा तुझा निबंध वाचला. स्पर्धेला पाठवायच्या आधी मी फक्त पहिल्या परिच्छेदाबद्दल लिहिते आहे. पुढचा निबंध चांगला उतरलाय, पण परीक्षक तिथवर पोचायला हवेत, आणि ही सुरुवात त्यांना पोचू देणार नाही. तुझा परिच्छेद आधी जसाच्या तसा उतरवते :

«सृष्टीच्या आरंभापासून मानव आणि निसर्ग यांच्यात अविरत संघर्ष सुरू आहे. जगातील प्रत्येक संस्कृती नदीच्या काठी जन्मली आणि नदीच्याच उदरात गडप झाली. पाणी म्हणजे जीवन आणि पाणी म्हणजेच मृत्यू! विज्ञानाच्या अहंकाराने आंधळ्या झालेल्या मानवाला निसर्गाने नेहमीच धडा शिकवला आहे. पुण्यनगरीच्या देदीप्यमान इतिहासातील असाच एक काळाकुट्ट दिवस म्हणजे १२ जुलै १९६१. त्या दिवशी अवघे पुणे जलमय झाले आणि प्रत्येक पुणेकराचे जीवन कायमचे बदलून गेले.»

पहिलं वाक्य किल्लारीच्या १९९३च्या भूकंपावर लाव, माळीणच्या २०१४च्या दरडीवर लाव, कुठेही चपखल बसेल. म्हणजे पानशेतबद्दल ते काहीच सांगत नाही. दुसरं तर खरंही नाही. सगळ्या संस्कृती नदीकाठी जन्मल्या नाहीत आणि नदीकाठच्या सगळ्या काही बुडाल्या नाहीत. तू ज्या शहरात बसून हे लिहितेस ते मुठेच्या काठावरच उभं आहे. शेवटच्या वाक्यातलं «अवघे पुणे» तुझ्याच तिसऱ्या पानाशी भांडतं. तिथे तू नदीकाठच्या पेठा आणि डेक्कनचा भाग बुडाल्याचं लिहिलंस, आणि लोक उंचावर, पर्वतीकडे गेल्याचंही. सगळं शहर पाण्याखाली असतं तर ते गेले कुठे असते? «प्रत्येक», «नेहमीच», «अवघे», «कायमचे» हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित केलेत, बघ.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते चौथं वाक्य. निसर्गाने धडा शिकवला, असं तू म्हणतेस. पण तिसऱ्या पानावर तूच काय लिहिलं आहेस? आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायच्या नळमार्गाच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया नव्हत्या. भराव खचू लागला, जवानांनी वाळूची पोती रचून तो धरून ठेवायचा प्रयत्न केला. हे सगळं माणसांनी घेतलेले आणि न घेतलेले निर्णय आहेत. तू मेहनतीने ते शोधून काढलेस, आणि पहिल्याच परिच्छेदात सगळा दोष निसर्गाच्या माथी मारून त्या माणसांना मोकळं सोडलंस. मोठ्या शब्दांनी इथे नुसता फुगवटा आणला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. त्यांनी तुझा मुद्दाच उलटा केला आहे.

आता चौथं पान उघड. तिथे तुझी आजी येते, आणि माझ्या मते निबंध तिथे सुरू होतो. मी तुझीच वाक्यं उचलून, थोडी जोडून, पुढचा मसुदा केला आहे :

«१९६१ साली माझी आजी नारायण पेठेत राहत होती. ती अकरा वर्षांची होती. १२ जुलैला सकाळी ती शाळेत निघायच्या तयारीत असताना कुणीतरी ‘धरण फुटलं’ असं ओरडत वाड्यासमोरून गेलं. तिच्या आईने शेगडीवरचा भात तसाच सोडला, धाकट्या मुलाला कडेवर घेतलं आणि सगळे पर्वतीच्या दिशेने चालू लागले. काही दिवसांनी ते परतले तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती, दिव्याच्या कोनाड्याच्या चार बोटं वर. डब्यांतले तांदूळ भिजून कुजले होते. पुराने बुडालेल्या त्या घरात प्यायला पाणी नव्हतं, कारण पानशेतमागून खडकवासल्याचं धरणही फुटलं होतं आणि शहराला पाणी तिथूनच यायचं. आजी आणि तिची आई कळशी घेऊन आडावरच्या रांगेत उभ्या राहायच्या. पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं. मग त्यात पाणी का अडवलं, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘आम्हाला कोण सांगणार?’ तिला कुणी सांगितलं नाही ते या निबंधात मी शोधलं आहे.»

यात माझं फारसं काही नाही. भात, कोनाडा, आड, आजीचं उत्तर, सगळं तुझ्या चौथ्या पानावर होतं. धरण अपुरं असल्याचं तिसऱ्या पानावरून वर आणलं. तुझ्या मूळ परिच्छेदातली तारीख तेवढी ठेवली. चौथ्या पानावरच्या «आजीच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या» या वाक्याला मात्र मी हात लावला नाही. आजी खरंच रडली असेल तर ती काय बोलताना रडली ते लिही. नसेल तर वाक्य काढून टाक.

निबंधात «मी» नको, असं तुला शाळेत सांगितलं असणार, म्हणून एवढं स्पष्ट करते. जिथे तू स्वतः विचारलंस, स्वतः ऐकलंस, तिथे «मी» हवाच. «असे विचारले असता असे सांगण्यात आले» यात कुणी कुणाला विचारलं तेच हरवतं. पुढे धरणाची आणि चौकशी आयोगाची माहिती येते, तिथे «मी»ची गरज पडत नाही आणि तू तो आणलेलाही नाहीस.

माझा मसुदा आहे तसा उतरवून पाठवू नकोस. लय माझी आहे, ती तुझ्या पुढच्या पानांशी जुळणार नाही. तुझी वाक्यं माझ्यापेक्षा लांब असतात आणि ती चांगली वाचली जातात. शिवाय काही जागा आजीला विचारल्याशिवाय भरता येणार नाहीत. «काही दिवसांनी» म्हणजे किती दिवसांनी? ते दिवस त्यांनी कुठे काढले, शाळेत, देवळात, की नातेवाइकांकडे? आड कुणाच्या वाड्यात होता? आठवत नाही म्हणाली तर तसं लिही, अंदाजाने आकडा घालू नकोस.

आजी वर आली की चौथ्या पानावर जागा मोकळी होईल. तिथे पूरग्रस्तांच्या वसाहती घे. गोखलेनगरचा तू एका ओळीत उल्लेख करून पुढे गेली आहेस. पेठेतल्या वाड्यातून उठून तिथल्या अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये संसार मांडणं म्हणजे काय, याला निदान एक परिच्छेद हवा. पुराने कुणाचं आयुष्य बदललं हे तुला सांगायचंच होतं ना, ते इथे सांग.

शीर्षकही बदलावं लागेल. «जलप्रलयाचे तांडव»खाली आता हा निबंध बसणार नाही. «अपुरं धरण» कसं वाटतं बघ, किंवा तुला सुचेल ते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये ये. नवा पहिला परिच्छेद हाताने लिहून आण आणि आजीची उत्तरं वेगळ्या कागदावर, तिच्याच शब्दांत.

— मराठीच्या मॅडम