जोडीतलं चुकीचं वाक्य शोधा: इंदूरच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी सराव

वर्ग: आठवी ते दहावी. वेळ: पाऊण तास. वहीत उत्तरं लिहा, पेन्सिल चालेल.

प्रत्येक जोडीत दोन वाक्यं आहेत. एक बरोबर, एकात व्याकरणाची चूक. चुकीच्या वाक्याचं अक्षर लिहा आणि ते वाक्य सुधारून पूर्ण लिहा. नुसता 'अ' किंवा 'आ' लिहिला तर अर्धेच गुण.

तुम्ही घरी मराठी बोलता आणि शाळेत, मैदानावर, रिक्षात हिंदी. दोन्ही भाषा तुमच्याच आहेत आणि दोन्ही नीट याव्यात असं मला मनापासून वाटतं. इथल्या बऱ्याच चुका हिंदीत अगदी शुद्ध ठरतील, म्हणून त्या कानाला खटकत नाहीत. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा आणि क्रियापद कोणत्या शब्दाच्या मागे चाललंय ते बघा.

भाग पहिला: तो, ती की ते?

१. (अ) लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इंदूरला झाला आणि पुढे त्यांची आवाज घराघरांत पोहोचली.
(आ) आजीचा आवाज अजून तसाच खणखणीत आहे.

२. (अ) दही आंबट झालं, उद्या नवीन लावते.
(आ) चहा गार झाली, थांबा, दुसरी करते.

३. (अ) यंदा पाऊस उशिरा सुरू झाली.
(आ) काल इतका पाऊस पडला की शाळेची बस आलीच नाही.

४. (अ) तुझी वही माझ्याकडे आहे.
(आ) माझी पुस्तक तुझ्या दप्तरात राहिली.

उत्तरं: १ अ (त्यांचा आवाज पोहोचला), २ आ (चहा गार झाला, दुसरा करते), ३ अ (सुरू झाला), ४ आ (माझं पुस्तक राहिलं). हिंदीत आवाज, चाय, बारिश आणि किताब या चारही गोष्टी स्त्रीलिंगी आहेत. मराठीत आवाज, चहा, पाऊस पुल्लिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी. शंका आली की शब्दाआधी 'तो, ती, ते' लावून बघा. हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, म्हणून 'ते' वाले शब्द वेगळे पाठ करावे लागतात: पुस्तक, शहर, घर, दूध, वय.

भाग दुसरा: शब्दाचं रूप बदलतं

५. (अ) राजवाड्याला सात मजले आहेत.
(आ) राजवाडासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे.

६. (अ) जेवण झाल्यावर आम्ही सगळे सराफ्यात गेलो.
(आ) सराफ्या जवळ गाडी लावायला जागाच मिळाली नाही.

७. (अ) मावशी रामबागेतल्या एका जुने वाड्यात राहायची.
(आ) त्या वाड्याचे जुने दरवाजे अजून शाबूत आहेत.

उत्तरं: ५ आ. 'समोर' जोडला की 'राजवाडा'चं 'राजवाड्या' होतं: राजवाड्यासमोरच्या. जागेचं नाव आहे म्हणून त्याला सूट नाही. ६ आ. रूप बरोबर आहे, पण 'जवळ' तोडून लिहिलाय. हिंदीत 'के पास' सुटं लिहितात, मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतं: सराफ्याजवळ. ७ अ. नामाला प्रत्यय लागला की आधीचं विशेषणही बदलतं: जुन्या वाड्यात. 'आ' मधल्या 'दरवाजे'ला प्रत्यय नाही, म्हणून तिथे 'जुने' योग्यच. दोन्हीकडे तोच शब्द दिसला म्हणून फसू नका.

भाग तिसरा: क्रियापद

हा भाग सावकाश सोडवा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

८. (अ) मला उद्या भोपाळला जाणं आहे.
(आ) मला उद्याचं जाणं टाळता येणार नाही.

९. (अ) मला आज खेळायला जायला नको.
(आ) एवढ्या उन्हात खेळायला नको जा.

१०. (अ) मी सरांकडून गोष्टीचं पुस्तक घेतलं.
(आ) मी सरांपासून त्याचा अर्थ विचारला.

११. (अ) आम्ही तर केव्हाच जेवून चुकलो, तुम्ही बसा.
(आ) निकाल लागल्यावर त्याला स्वतःचा आळस कळून चुकला.

१२. (अ) तिने ही ओवी आजीकडून शिकली.
(आ) तिने ही ओवी आजीला म्हणून दाखवली.

१३. (अ) बाईंनी तपासलेल्या वह्या परत दिल्या.
(आ) बाईंनी मागच्या बाकावरच्या मुलींना पुढे बोलावल्या.

उत्तरं: ८ अ. 'जाना है' जसंच्या तसं उचललंय. मराठीत 'जायचं आहे'. ९ आ. 'मत जा'ची मराठी 'जाऊ नको'. १० आ. 'सर से पूछा' असलं तरी मराठीत आपण सरांना विचारतो, म्हणून 'सरांना'. ११ अ. 'खा चुके'साठी 'आमचं जेवण झालं' म्हणा. 'कळून चुकणे' मात्र अस्सल मराठी आहे, ते हिंदी समजून खोडू नका.

१२ अ. याच्यावर थोडं थांबू. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला 'ने' लागतं हा नियम तुम्हाला माहीत आहे, आणि ओवी कर्म आहे हेही खरं. पण काही क्रियापदं हा नियम पाळत नाहीत. 'शिकणे' त्यांतलं: ती ओवी शिकली. 'विसरणे'ही तसंच: तो डबा विसरला. 'तो' आणि 'डबा' दोन्ही पुल्लिंगी असल्याने इथे फरक कळत नाही, म्हणून मुलगी घेऊन बघा: ती डबा विसरली. क्रियापद डब्याला सोडून मुलीमागे गेलं. 'त्याने डबा विसरला' हे मी रोज ऐकते, इंदूरबाहेरही. तरी लिहिताना ते टाळाच.

१३ आ. कर्माला 'ना' लागला की क्रियापद त्याच्याशी जुळत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं: मुलींना बोलावलं. 'लड़कियों को बुलाया' आठवा. इथे हिंदीचा कान मदतच करतो.

भाग चौथा: माणसांशी बोलताना

१४. (अ) "काकू, आम्ही गेर बघायला निघतोय, तुम्ही दार लावून घ्या."
(आ) "काकू, तुम्हीही चला ना, आम्ही सगळे मिळून गेर बघायला जाऊ या."

१५. (अ) होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.
(आ) सी. के. नायडू त्या संघाचा कर्णधार होते.

१६. (अ) शेजारच्या आजी सकाळीच खजराना गणपतीला जाऊन आले.
(आ) आजोबा सकाळीच फिरून आले.

उत्तरं: १४ आ. समोरच्या माणसालाही धरलं की 'आपण', वगळलं की 'आम्ही'. काकूंना सोबत न्यायचंय तर 'आपण सगळे मिळून जाऊ या'. पुस्तकी हिंदीत दोन्हीसाठी 'हम' चालतं, पण आपल्या गल्लीतलं 'अपन चलते हैं' आठवा, तिथे मराठीत 'आपण' येतं. १५ आ. आदराने 'होते' म्हटलं तर 'संघाचे कर्णधार' हवं. अर्धं वाक्य आदराचं आणि अर्धं एकेरी चालत नाही. १६ अ. आजींना आदर दिलात हे छान, पण स्त्रीलिंग सोडायचं नाही: आजी जाऊन आल्या.

घरी करायची जोडी (उत्तर पुढच्या रविवारी फळ्यावर लिहायचं आहे)

१७. (अ) दादाने मला सायकल चालवायला शिकवलं.
(आ) दादापासून मी पोहणं पण शिकलं.

'आ' मध्ये दोन चुका आहेत. दोन्ही शोधा, आणि पोहायला शिकलेली मुलगी असेल तर वाक्य कसं होईल तेही लिहा.