मुलाखत-मार्गदर्शिका: पहिली नोकरी, पहिलं वर्ष

गोव्यातल्या डिचोली, सत्तरीतून वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या तरुणांच्या मुलाखती घेणाऱ्यांसाठी. वेळ 50 मिनिटं. मुलाखत कंपनीच्या आवारात घेऊ नये.

सुरुवात: "तुमचं नाव कुठेही येणार नाही. नको वाटेल तो प्रश्न सोडा. रेकॉर्ड केलं तर चालेल?" होकार आल्यावरच रेकॉर्डर लावावा.

1. कामाचा पहिला दिवस सांगा, घरातून निघाल्यापासून.
खोलात जाण्यासाठी: बस कुठली धरलीत? आधी कोण बोललं? जेवायला कुणाबरोबर बसलात?

2. काम कसं शिकत गेलात?
खोलात जाण्यासाठी: चूक झाली असा एखादा प्रसंग सांगा. मग काय झालं? कुणाला विचारलंत? कुणाला विचारायचं धाडस झालं नाही?
सगळ्यात मोलाचं इथेच मिळतं, म्हणून घाई नको. उत्तर संपलं की मनात पाच आकडे मोजावेत. बरेचदा माणूस आपणहून पुढे बोलतो. "सुपरवायझर त्रास देतो का?" असं विचारू नये, उत्तर आपणच तोंडात घातल्यासारखं होतं.

3. पहिला पगार आला तेव्हाचं सांगा.
खोलात जाण्यासाठी: घरी कोण काय म्हणालं? खर्च कुणी ठरवला?

4. चतुर्थीच्या रजेचं काय झालं? (सण वेगळा असेल तर तो.)
खोलात जाण्यासाठी: कुणाकडे मागितली? काय शब्दांत?

5. मी विचारलं नाही, पण सांगावंसं वाटतं असं काही?

बोलणारा कोंकणीत वळला तर अडवू नये. त्याचे शब्द तसेच उतरवावेत.