विषय: बायोफिल्म प्रकल्पात संशोधन साहाय्यक पदाबाबत विचारणा

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी मृण्मयी. यंदा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले. आपल्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक म्हणून काम करण्याची संधी आहे का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे. जाहिरात पाहिलेली नाही. आपला अलीकडचा शोधनिबंध वाचताना माझ्याच प्रबंधात अडलेला एक प्रश्न पुन्हा समोर आला, म्हणून थेट आपल्यालाच लिहावेसे वाटले.

माझ्या प्रबंधाचा विषय होता स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या बायोफिल्मवर टोब्रामायसिनच्या एमआयसीपेक्षा कमी मात्रांचा परिणाम. अशा मात्रांनी बायोफिल्म उलट वाढू शकते, हे 2005 पासून माहीत आहे. मला ते आमच्याकडच्या स्ट्रेनमध्ये दिसते का, एवढेच पाहायचे होते. पद्धत नेहमीचीच: 96 कप्प्यांची प्लेट आणि क्रिस्टल व्हायोलेट. पहिल्या प्रयोगात पाव एमआयसीला बायोफिल्म जवळजवळ दुप्पट झाली. मी खूश होते. दुसऱ्या प्रयोगात ती चक्क घटली.

तीन आठवडे मी धुण्याच्या पद्धतीला दोष देत होते. शेवटी प्लेटचे कच्चे आकडे कप्प्यांच्या जागेनुसार मांडले, तेव्हा लक्षात आले की कंट्रोल मी दोन्ही वेळा कडेच्या रांगांत ठेवले होते आणि कडेचे कप्पे इनक्युबेटरमध्ये जास्त सुकत होते. मग कडेच्या 36 कप्प्यांत निर्जंतुक पाणी भरले, आतल्या 60 कप्प्यांत मात्रांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि प्रयोग पाच वेळा केला. वाढ राहिली, पण दुपटीऐवजी साधारण सव्वापटच. प्रबंधात दोन्ही आकडे दिले आहेत.

आता तो अडलेला प्रश्न. आपल्या निबंधातल्या मुख्य आलेखात क्रिस्टल व्हायोलेटच्या वाचनाला ओडी 600 ने भागले आहे. मीही आधी तेच केले होते. पण औषधाच्या कमी मात्रेतही तरंगत्या पेशींची वाढ थोडी मंदावते, म्हणजे छेद लहान होतो. मग बायोफिल्म आहे तेवढीच राहिली तरी गुणोत्तर वर जाते. माझ्या आकड्यांत उरलेल्या वाढीपैकी निम्मी अशीच आली होती. आपल्याकडे न भागलेल्या आकड्यांतही वाढ दिसली असेल, असे मला आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून वाटते. तरी ती किती होती, हे जाणून घ्यायला आवडेल. माझ्या समजण्यात चूक असेल तर तीही कळावी. शिवाय हा रंग मेलेल्या पेशींना आणि मॅट्रिक्सलाही लागतो, त्यामुळे त्याच प्लेटमधल्या न रंगवलेल्या कप्प्यांतून जिवंत पेशींची मोजणी करणे ही माझ्या कामातली पुढची पायरी होती. वेळ संपला आणि ती राहिली.

काय येते आणि काय येत नाही, तेही सांगते. कल्चर सांभाळणे, एमआयसी काढणे, वसाहती मोजून पेशींची संख्या काढणे, डीएनए वेगळा करणे आणि पीसीआर ही कामे मी एकटीने करू शकते. नोंदवही रोजच्या रोज लिहिते. वरची चूक सापडली ती कोणत्या कप्प्यात काय होते हे लिहून ठेवले होते म्हणूनच. आर मध्ये आलेख आणि साध्या चाचण्या जमतात, मिश्र परिणामांची मॉडेल्स सध्या शिकत आहे. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक मात्र मी फक्त दुसऱ्यांना वापरताना पाहिला आहे. आपल्या गटाचे बरेच काम त्यावर चालते, हे मला माहीत आहे. शिकायला वेळ लागेल.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मी पूर्णवेळ रुजू होऊ शकते आणि निदान एक वर्ष थांबण्याची तयारी आहे. पुढे पीएच.डी. करायची आहे, पण घाईने विषय निवडण्याआधी एका चालू प्रकल्पात नीट काम करावे असे वाटते. सध्या जागा किंवा निधी नसेल तर तसे एका ओळीत कळवले तरी चालेल. येत्या काही महिन्यांत नवा प्रकल्प सुरू होणार असेल, तर तेव्हा पुन्हा लिहू का?

सोबत माझी माहिती, गुणपत्रक आणि प्रबंधातली कच्च्या आकड्यांसह पाच पाने जोडली आहेत. पूर्ण प्रबंध मोठा आहे, हवा असल्यास पाठवेन. माझ्या मार्गदर्शकांना हे पत्र लिहीत असल्याचे सांगितले आहे. आपण विचारल्यास ते माझ्या कामाबद्दल सांगतील. त्यांचा पत्ता माहितीपत्रकात आहे.

आपल्या सोयीने पंधरा-वीस मिनिटे भेटता किंवा फोनवर बोलता आले तर आनंद होईल. दुपारी दोननंतर मी कोणत्याही दिवशी मोकळी असते.

आपली नम्र,
मृण्मयी