सूचना: वायफायचा नवा पासवर्ड आणि तो कुणाला द्यायचा याबद्दल

सोलापूर, शुक्रवार, दि. 2 जानेवारी 2026

इमारतीतल्या सर्व आठ बिऱ्हाडांना नमस्कार.

रविवारी 4 जानेवारीला दुपारी 3 वाजता आपल्या वायफायचा जुना पासवर्ड बंद होईल आणि नवा सुरू होईल. हा कागद जिन्यात चिकटवलेला नाही. प्रत्येक घरात मोठ्या माणसाच्या हातात दिला आहे, कारण पासवर्ड याच कागदावर आहे. कृपया पूर्ण वाचा. दुपारची वेळ मुद्दाम ठेवली आहे. तेव्हा मुलांचे क्लास नसतात आणि रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरताईंची झोपही झालेली असते.

घरच्यांसाठीचं नेटवर्क `WADA-GHAR`, आणि त्याचा पासवर्ड:

```
jondhala-pivla-maag-48
```

सगळी अक्षरं लहान, मध्ये आडव्या रेघा, कुठेही मोकळी जागा नाही. maag मध्ये दोन वेळा a आहे. एक अक्षर मोठं पडलं तरी जोडणी होत नाही. फोनवर पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, तेवढं बघून घ्या. जुनं नाव फोनमध्ये तसंच राहून सारखा पासवर्ड विचारत असेल, तर वायफायच्या यादीत त्या नावावर बोट दाबून ते काढून टाका आणि पुन्हा जोडा. यादीत `WADA-GHAR-5G` असंही नाव दिसेल. पासवर्ड तोच. ते वेगाने चालतं, पण भिंती ओलांडून फार लांब पोचत नाही. दुसऱ्या मजल्यावर, राउटरच्या जवळ राहणाऱ्यांनी ते वापरावं. तळमजल्याच्या मागच्या खोल्यांनी साधंच घ्यावं, नाहीतर सारखं तुटत राहील.

आता पासवर्ड का बदलावा लागला ते सांगते, म्हणजे पुढचे नियम कुणाला जाचक वाटणार नाहीत.

दिवाळीनंतर नेट फार मंद चालतंय, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकाने केली. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा मध्येच तुटली. ती जिन्यात फोन हातात धरून रडत उभी होती, ते मी स्वतः पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना बेंगळुरूच्या नातवाचा चेहरा दिसायचा, पण आवाज यायचा नाही. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला. लाइन ठणठणीत, 200 एमबीपीएस पूर्ण मिळत होते. मग माझ्या मुलाने राउटरची यादी उघडली. आपल्या आठ घरांचे फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळे धरले तर पंचवीसच्या आसपास व्हायला हवेत. त्या वेळी जोडलेली होती एकेचाळीस उपकरणं. त्यात एक कॅमेरा होता, आणि आपल्या इमारतीत कुणाकडेही कॅमेरा नाही. शोध घेतल्यावर कळलं की तो गल्लीतल्या एका गाळ्याचा आहे आणि रात्रंदिवस आपल्या लाइनवरून चित्रं पाठवत असतो.

कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हे कसं घडतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पाहुणा येतो, पासवर्ड विचारतो, आपण सांगतो. घरी आलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. तो पाहुणा पुढे मित्राला सांगतो. आता तर सांगायचीही गरज पडत नाही. फोनमध्ये शेअर दाबलं की चौकोनी कोड येतो, त्याचा फोटो काढला की झालं. देणाऱ्याला वाटतं एकालाच दिलाय, आणि तो कुठवर पोचला याचा पत्ता कुणालाच नसतो. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे एका टाकीवर किती घरं चालतात याचा हिशेब इथे लहान पोरालाही कळतो. नेटचंही तसंच समजा. महिन्याचे 1000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 1180 रुपये आपण आठ जण मिळून भरतो. ते या घरांतल्या अभ्यासासाठी, कामासाठी, आपल्या माणसांशी बोलण्यासाठी आहेत.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कनेक्शन माझ्या नावावर आहे. बाहेरून पाहिलं तर आपल्या सगळ्यांचे फोन एकाच पत्त्यावरून इंटरनेटवर गेल्यासारखे दिसतात. उद्या कुणी अनोळखी माणसाने या वायफायवरून एखाद्याला फसवलं, धमकीचा मेसेज टाकला, तर चौकशी आधी या दारात येईल, आणि पाठोपाठ तुमच्या. घरात परीक्षेची मुलं आहेत, सरकारी नोकरीचे फॉर्म भरलेले तरुण आहेत. दुसऱ्याच्या उद्योगापायी त्यांच्यापैकी कुणाला पोलीस ठाण्यात बसावं लागू नये, एवढीच माझी काळजी आहे.

म्हणून यापुढे असं करू.

`WADA-GHAR` चा पासवर्ड फक्त इथे राहणाऱ्यांसाठी. तुमच्या घरात जो झोपतो-उठतो, त्याला जरूर द्या, अगदी चार महिन्यांसाठी शिकायला आलेल्या भाचीलाही. मात्र कोण नवीन आलं ते मला एका शब्दाने कळवा. शेजारची इमारत, गल्लीतले गाळे, चहाची टपरी, कॉलेजचे मित्र यांना हा पासवर्ड द्यायचा नाही, ते कितीही जवळचे असले तरी. व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, आपल्या इमारतीच्या ग्रुपवरही नको. त्या ग्रुपमध्ये खोली सोडून गेलेली मंडळी अजून आहेत. या कागदाचा फोटो काढू नका, फ्रिजवर लावू नका. डब्यात किंवा कपाटात ठेवा.

पण पाहुण्याला नाही म्हणायची वेळ मी तुमच्यावर आणणार नाही. त्यासाठी वेगळं नेटवर्क केलं आहे, नाव `WADA-PAHUNE`, आणि पासवर्ड:

```
gadda-yatra-pahune
```

हा मोकळेपणाने द्या. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आहे, नंदीध्वज बघायला प्रत्येकाकडे गावाहून माणसं येणार. अक्कलकोट, मंगळवेढा, विजापूरहून आलेल्यांना घरी फोन करायचा असतो, लेकरांना काहीतरी बघायचं असतं. त्या सगळ्यांना हाच सांगा. या नेटवर्कचा वेग थोडा बांधून ठेवला आहे, पण व्हिडिओ कॉल नीट होतो. त्यावरून तुमचा टीव्ही किंवा प्रिंटर पाहुण्याच्या फोनला दिसत नाही, हा आणखी एक फायदा. दर महिन्याच्या 1 तारखेला मी हा पासवर्ड बदलेन आणि नवा घरोघरी येऊन सांगेन. जानेवारीचा उगाच सोपा ठेवलाय, म्हाताऱ्या माणसांनाही तोंडी सांगता यावा म्हणून.

धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनाही पाहुण्यांचा पासवर्ड द्यायचा. कुणी विसरलं असेल तर मी स्वतः देईन. त्यांचे पगाराचे पैसे फोनवर येतात, मुलीच्या शाळेचे निरोप फोनवर येतात, आणि रिचार्ज संपलेला असला की त्यांची अडचण होते. दुसऱ्या मजल्यावर शिकवणीला येणाऱ्या मुलांनाही हाच. बाईंना विनंती, मुलं घरी जाताना त्यांना घरचा पासवर्ड चुकूनही दिसू नये, एवढं बघा. फळ्यावर तर मुळीच लिहू नका.

मुलांबद्दल एक सांगायचंय. घरातल्या पोराने मित्राला पासवर्ड दिला असं लक्षात आलं, तर त्याला मारू-रागावू नका. माझ्याकडे या. पासवर्ड बदलायला पाच मिनिटं लागतात. पासवर्ड बाहेर गेल्याचं जो स्वतः येऊन सांगेल, त्याच्याकडून दंड नाही आणि त्याला बोलणीही नाहीत. लपवून ठेवलं तर मात्र सगळ्यांचं नेट पुन्हा मंदावतं आणि आपण एकमेकांकडे संशयाने बघायला लागतो, ते मला या घरात नको आहे. बाहेरच्या कुणाला मुद्दाम, पैसे घेऊन लाइन दिल्याचं दिसलं, तर त्या खोलीचं वायफाय बंद करून समोर बसून बोलेन. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

एखादं बिऱ्हाड खोली सोडून गेलं की त्याच दिवशी घरचा पासवर्ड बदलेल. यात जाणाऱ्यावर अविश्वास नाही. तो नियम सगळ्यांना सारखाच आहे.

काही जणांनी विचारलं, की राउटरमध्ये आम्ही काय बघतो ते काकूंना दिसतं का. मी फक्त कोणतं उपकरण जोडलेलं आहे ते बघते. कोण काय वाचतं, कुणाशी बोलतं, यात मी कधी डोकावणार नाही. उपकरण ओळखता यावं म्हणून रविवारी माझा मुलगा प्रत्येक घरी येऊन फोन आणि टीव्हीची नावं वहीत लिहून घेईल. फोन त्याच्या हातात द्यायची गरज नाही, नाव तुम्हीच वाचून दाखवा. सोमवारनंतर यादीत अनोळखी उपकरण दिसलं, तर ते आधी बंद करू आणि मग विचारू. तुमचंच असेल तर लगेच चालू होईल.

कंपनीतून बोलतोय, राउटर तपासायचाय, पासवर्ड सांगा, असा फोन कुणालाही आला तर सांगू नका. कंपनीचा माणूस आला तर तो माझ्याकडे येईल आणि मी सोबत असेन. फोनवरून कुणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठी सरकारने ठेवलेला हा नंबर आहे. सोलापूरकराला तो पाठ करायला नको, मार्शल लॉचं साल आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

राउटर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, वर पेटीत आहे. नेट गेलं तर पेटी उघडून वायरी हलवू नका, मला हाक मारा. लाइट गेल्यावर छोट्या बॅटरीवर तो काही वेळ चालतो. ती बॅटरी मोबाइल चार्जिंगला वापरू नये.

वायफायचे महिन्याचे 150 रुपये तेवढेच राहतील. वर जे वीस उरतात ते बॅटरीसाठी बाजूला ठेवते, वही कुणीही येऊन बघावी.

ज्यांना मराठी वाचायला अवघड जातं, त्यांना मी शनिवारी संध्याकाळी घरी येऊन तेलुगूत आणि कन्नडमध्ये समजावून सांगेन. आजोबांचा आणि मागच्या खोलीतल्या अक्कांचा फोन रविवारी माझा मुलगाच जोडून देईल. इतर कुणाला मदत लागली तर रविवारी 3 ते 6 या वेळात खाली या. कागद मिळाल्याची सही सोबतच्या वहीत करावी.

आपली,
घरमालकीण
तळमजला, पुढची खोली