खेप: नियमपुस्तिका (मराठी आवृत्ती)

गडी 2 ते 4. हर्णे बंदरातून होडी काढायची, मासळी आणायची, विकायची. शेवटी ज्याच्याकडे जास्त नाणी, तो जिंकला.

आधी शब्द पक्के करू. आपण सगळ्यालाच 'डाव' म्हणतो आणि मग भांडतो. इथं एका गड्याची ती पाळी, सगळ्यांची एकेक पाळी झाली की फेरी, आणि डाव म्हणजे अख्खा खेळ. मूळ खेळात 12 फेऱ्या होत्या. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून ऑगस्ट ते मे अशा 10 फेऱ्याच ठेवल्या.

मांडणी: पटावर बंदर आणि पुढे समुद्राची 1 ते 6 घरं. होड्या बंदरात. प्रत्येकाला डिझेलचे 8 कॅन. 24 पानं पिसून पालथी ठेवा. संपली की पुन्हा पिसा. शेवटची मासळी ज्यानं खाल्ली तो पहिला. श्रावण पाळणारं घर असेल तर सर्वांत लहान गडी पहिला. पुढची पाळी नेहमी डाव्या हाताकडच्याची.

पाळीत तीन कामं, याच क्रमानं:

क. वरचं पान उचला, मोठ्यानं वाचा, लगेच वापरा. राखून ठेवता येत नाही.

ख. होडी हाकारा. एका घराला एक कॅन, पाळीत जास्तीत जास्त 3 घरं. फुकटचं घर यात धरत नाहीत.

ग. समुद्रात असाल तर फासा टाका. दान घराच्या आकड्याएवढं किंवा कमी पडलं, तर तेवढ्या पाट्या मासळी. जास्त पडलं तर जाळं रिकामं. होडीत 6 पाट्या मावतात. बंदरात असाल तर विका: पाटीला 3 नाणी. कॅन 1 नाण्याला.

उदाहरण: गौरीची होडी घर 2 वर, 4 कॅन. मतलई वारा आला, फुकटात घर 3. एक कॅन जाळून घर 4. दान 4, म्हणून 4 पाट्या. दान 5 असतं तर काहीच नाही. आता तिच्याकडे 3 कॅन आणि बंदर 4 घरं लांब. खारा वारा आला तर बरं.

समुद्रात कॅन संपले, तर पाळी संपताना डावीकडचा गडी होडी ओढून बंदरात आणतो आणि निम्म्या पाट्या घेतो. 5 असतील तर त्याला 3. त्याच्या होडीत न मावलेल्या पाट्या वाया. बंदरात कॅन, पाट्या, नाणी काहीच नसेल, तर 3 कॅन फुकट, पण ती पाळी गेली.

दहावी फेरी संपली की समुद्रातली मासळी मोजायची नाही. बरोबरी झाली तर ज्याचे कॅन जास्त, तो जिंकला.

पानांवरचा मजकूर (मूळ तीन-तीन ओळी पानात मावेनात, म्हणून कात्री लावली):

मतलई वारा (6): समुद्राकडे 1 घर फुकट.
खारा वारा (6): बंदराकडे 1 घर फुकट.
दर चढला (4): आज पाटीला 4 नाणी.
दर पडला (4): आज पाटीला 2 नाणी.
जाळं फाटलं (3): या पाळीत फासा नाही.
तुफान (1): सगळ्या होड्या बंदरात. पाट्या होडीतच राहतात.